भिशी तिसऱ्याच महिन्यात काहून उचलली जाते

प्रश्न: मानेवाड्याला राहतो, पगार ४२ हजार. आमची २० जणांची बोलीची भिशी आहे, महिन्याला ५ हजार. सुरुवातीलाच ठरवलं होतं की तेराव्या महिन्याच्या आसपास उचलीन, आणि तिसऱ्याच महिन्यात २४ हजार सोडून ७६ हजारात उचलली, टीव्ही घेतला. अडचण काहीच नव्हती. तेराव्या महिन्यात दुसऱ्याने फक्त ६ हजार सोडले, ९४ हजार घेऊन गेला. एसआयपीचंही तसंच, दोन वर्षांपासून "पुढच्या महिन्यापासून". बीकॉम झालेलं आहे, व्याज कळते. मग काहून होते असं?

उत्तर:

बीकॉमचा इथे काही संबंध नाही भाऊ. मी २४ वर्षं एका पतसंस्थेत काढली, आधी वसुलीच्या टेबलावर आणि मग ठेवींच्या, आणि आता गेली काही वर्षं लोकांना घरखर्च, कर्ज यांचा हिशेब लावून देतो. दुसऱ्यांचे ताळेबंद तपासणारे लोक भिशीत तुमच्यासारखेच पहिल्या चार महिन्यांत बोली लावताना मी डोळ्यांनी पाहिले आहेत. तुमच्या प्रश्नात कामाची गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे "सुरुवातीलाच ठरवलं होतं" हे तीन शब्द. त्यावरून रोग ओळखता येते.

घाईचा माणूस आणि तुम्ही, यात फरक आहे. घाईचा माणूस भिशी सुरू व्हायच्या आधीच सांगतो की मला तर पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच पाहिजे, मग ती गरज असो, स्वभाव असो नाहीतर भिशीवाल्यावर भरोसा नसो. त्याचं म्हणणं शेवटपर्यंत तेच राहते. तुमचं तसं नाही. लांबून पाहिलं तेव्हा तुम्हाला तेरावा महिना बरा वाटला, जवळ आल्यावर तिसरा. मधे कोणती नवीन माहिती आली नाही, रक्कम बदलली नाही, फक्त तारीख सरकून "आज" झाली. अर्थशास्त्रात याला प्रेझेंट बायस म्हणतात, मी आपली साधी "आजची ओढ" म्हणतो. ती मोजायची पद्धतही हीच, एका तारखेचं उत्तर पाहायचं नाही, दोन तारखांची उत्तरं एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं.

अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८१ मध्ये लोकांना विचारलं होतं की आज १५ डॉलर मिळून राहिले आहेत, ते सोडून थांबायचं असेल तर किती पाहिजे. मधलं उत्तर आलं ते असं, महिनाभर थांबायचे २०, वर्षभर थांबायचे ५०, आणि दहा वर्षं थांबायचे १००. आता क्षणोक्षणी चक्रवाढ धरून याचं वर्षाचं व्याज काढलं तर महिन्याच्या थांबण्याला ३४५ टक्के, वर्षाच्याला १२० आणि दहा वर्षांच्याला फक्त १९. म्हणजे थांबायचा सगळा त्रास सुरुवातीलाच गोळा झालेला आहे, "आज" सोडताना दात काढल्यासारखं होते आणि एकदा आज सुटला की मग पुढचं वर्ष काय आणि त्याच्या पुढचं काय, सारखंच. बँकेचं व्याज असं चालत नाही, ते दर महिन्याला सारखं लागते. माणसाच्या डोक्यातलं लागत नाही.

याचा हिशेब मांडायची एक सोपी पद्धत १९६८ मध्ये फेल्प्स आणि पोलॅक यांनी दिली आणि १९९७ मध्ये डेव्हिड लेबसन यांनी ती माणसाच्या बचतीला लावून दाखवली. आज जे हातात पडते त्याचं वजन पूर्ण, आणि उद्यापासून पुढचं जे काही आहे, मग ते उद्याचं असो की दहा वर्षांनंतरचं, त्याला एक सरसकट कट. समजा तो कट ३० टक्क्यांचा, म्हणजे नंतरचा रुपया मनाला ७० पैशांचा वाटते. या वजनाला ते बीटा म्हणतात. याच्याशिवाय साधी थांबायची किंमत वेगळी, ती महिन्याला एक टक्का धरू.

आता तुमची भिशी यात टाकून पाहू. ९४ हजार दहा महिन्यांनी मिळणार, महिन्याला एक टक्का कापला तर आजच्या भावाने ते साधारण ८५ हजार. म्हणजे थंड डोक्याने ७६ विरुद्ध ८५, थांबणंच बरं. भिशी सुरू झाली त्या दिवशी दोन्ही रकमा "नंतर"च्याच होत्या, दोन्हींना तोच ३० टक्क्यांचा कट लागला, ७६ चे ५३ झाले आणि ८५ चे साडेएकोणसाठ, तरी थांबणंच बरं. म्हणून तुम्ही तेरावा महिना ठरवला, आणि ते तुम्ही मनापासून ठरवलं होतं, कोणाला दाखवायला नाही. मग तिसऱ्या महिन्याची बैठक आली. आता ७६ हजार समोर टीपॉयवर आहेत, त्यांना कट नाही, आणि तेराव्या महिन्याचे ८५ अजूनही साडेएकोणसाठच. ७६ विरुद्ध साडेएकोणसाठ. झालं, बोली गेली.

यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. त्या दिवशी पलटी खायला ३० टक्क्यांच्या कटाची गरजच नव्हती. तुमचं वजन ०.८९ असतं, म्हणजे जेमतेम ११ टक्क्यांचा कट, तरी ७६ च भारी पडले असते. इतकी ओढ कोणातही असते, माझ्यातही आहे. आणि बोलीची भिशी तर अशी रचना आहे की ती खोलीत बसलेल्या वीस जणांमधून सगळ्यात जास्त ओढ असलेला माणूस शोधून काढते, कारण सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात जास्त सोडायला तोच तयार होतो, नाहीतर खरीच गरज असलेला. बाकीचे एकोणीस जण त्या २४ हजारांतले आपापला १२०० चा डिव्हिडंड कापून ३८०० देऊन घरी जातात. मी एका भिशीचे हिशेब सहा वर्षं लिहिले, आणि डिव्हिडंड खाणारे आणि डिव्हिडंड वाटणारे दरवेळी जवळपास तेच ते असायचे, भिशी नवीन सुरू झाली तरी.

ती बैठक मी पाहिलेली आहे म्हणून सांगतो, ती रचली पण तशीच जाते. महिन्याची ५ तारीख, रात्री साडेआठ, कोणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी, चिवडा आणि चहा, आणि मधे स्टीलच्या डब्यात त्या महिन्याची जमा झालेली कॅश, रबर लावलेली बंडलं. पैसे यूपीआयने येत असले तरी आमच्या भिशीवाल्या काकांचा हट्ट असायचा की उचलणाऱ्याला नगदच द्यायची. झाकण उघडं ठेवायचे. मग "पंधरा", "सतरा", "अठरा", कोणी हळूच "वीस", आणि काका मारवाडी पेढीवरच्यासारखं म्हणणार "वीस एक, वीस दोन...". त्या दहा मिनिटांत बोलीचा जोशही असतो, शेजाऱ्याला जिंकू द्यायचं नाही हेही असते, हे सगळं आजच्या ओढीत मोडत नाही, ते वेगळं आहे. पण पहिल्यांदा तोंड उघडायला लावते ती ओढच.

तुम्हाला हे पडलं कितीला तेही पाहून घ्या, कारण भिशीत व्याज लिहिलेलं नसते म्हणून दिसत नाही. हप्ता तर तुम्ही कधीही उचला, तेवढाच भरायचा आहे. फरक इतकाच की दहा महिने आधी ७६ मिळाले आणि त्यासाठी १८ हजार गेले. ७६ वर १८ म्हणजे दहा महिन्यांचे २३.७ टक्के, वर्षाला साध्या व्याजाने २८ च्या वर. घरात दागिना असेल तर बँकेतलं गोल्ड लोन याच्यापेक्षा बरंच स्वस्त पडलं असतं. दुकानदाराने तोच टीव्ही २८ टक्के व्याजाने देतो म्हटलं असतं तर तुम्ही पायरी उतरून परत आले असते. म्हणून व्याज कळते हे खरं आहे, फक्त त्या रात्री ते कोणी विचारलं नाही.

आता एसआयपी. हा त्याच ओढीचा दुसरा चेहरा आहे, आणि माझ्या मते यानेच जास्त नुकसान होते, कारण इथे काही चुकलं असं कधी वाटतच नाही. एसआयपी सुरू करायची म्हणजे एक संध्याकाळ जाते, केवायसी, बँकेचं मॅन्डेट, विसरलेला पासवर्ड, कोणता फंड घ्यायचा याची डोकेदुखी, आणि वरून ५ हजार खात्यातून जातानाचं दुखणं. समजा या सगळ्या त्रासाची किंमत तुमच्या मनात १००, आणि त्यातून पुढे होणाऱ्या फायद्याची १२०. फायदा जास्त आहे, करायलाच पाहिजे. पण आज करायचं म्हटलं तर त्रास आजचा, पूर्ण १००, आणि फायदा नंतरचा, १२० चे ७० टक्के म्हणजे ८४. तोटा. उद्या करायचं म्हटलं तर? उद्याचा त्रासही नंतरचाच, १०० चे ७०, आणि फायदा ८४. नफा १४. म्हणजे आज बसून पाहिलं तर "उद्या करणे" हा एकदम शहाणा निर्णय दिसतो, आज करणं मूर्खपणा. आणि उद्या उठलं की उद्याचा आज होते आणि हिशेब परत तोच. दोन वर्षं अशीच जातात, रोज एक शहाणा निर्णय घेऊन.

टेड ओडोनोह्यू आणि मॅथ्यू रॅबिन यांनी १९९९ मध्ये यातला सगळ्यात कामाचा फरक मांडला, भोळा आणि जाणता. ओढ दोघांना सारखीच. भोळ्याला वाटते उद्याचा मी नक्की करीन. जाणत्याला माहीत असते की उद्याचा मीही असाच असणार आहे, तोही परवावरच टाकीन. इतक्या एका समजण्याने वागणं बदलते, जाणता माणूस कधी कधी मुकाट्याने आजच उरकून टाकतो कारण त्याला दिसते की आज नाही तर कधीच नाही, किंवा तो उद्याच्या स्वतःचे हात आधीच बांधून ठेवतो. तुम्ही दोन वर्षं "पुढच्या महिन्यापासून" म्हणून राहिले आहात, म्हणजे ओढीपेक्षा हा भोळेपणा तुम्हाला जास्त महाग पडला.

जाणता माणूस कसा असतो ते मी कॉटन मार्केटात पाहिलं. आमचा डेली कलेक्शनचा एजंट आजारी पडला होता, आठ दिवस त्याची लाईन मी फिरलो. तिथे एक भाजीवाले काका होते, पालक-मेथीचा ठेला, रोजचे २०० रुपये डेलीत टाकायचे. हिशेब केला तर ३६५ दिवसांचे ७३ हजार, वर्षाअखेर थोडंसं व्याज लागून मिळणार, आणि मधे काढले तर व्याज बुडून वरून कापणार. मी नवीन नवीन ठेवींच्या टेबलावर आलेलो, शहाणपणा अंगात, त्यांना म्हटलं काका, याच्यापेक्षा सेव्हिंग खात्यात टाकत जा, पाहिजे तेव्हा काढता येतात, आणि कापाकापीही नाही. काकांनी कोथिंबिरीची जुडी झटकली आणि म्हणाले, "साहेब, पाहिजे तेव्हा काढता येतात म्हणूनच तर नाही टाकत."

मला ते उत्तर समजायला वेळ लागला. पुस्तकी हिशेबात ते काका घाट्यात आहेत, जास्त बंधनाचं आणि कमी व्याजाचं खातं पदरचं मोजून घेऊन राहिले आहेत. खरं तर ते बंधनच विकत घेऊन राहिले आहेत. संध्याकाळी गल्ल्यात २०० जास्त दिसले तर ते घरी पोचेपर्यंत राहत नाहीत हे त्यांना स्वतःबद्दल माहीत आहे. आपल्या देशात हे जुनं आहे, १९२८ मध्ये टी. एम. ए. पै यांच्या बँकेने उडुपीला पिग्मी ठेव सुरू केली, एजंट घरोघरी जाऊन रोज दोन आण्यांपासून पैसे गोळा करायचा. दोन आणे बँकेत नेऊन भरायला कोणी जाणार नाही आणि खिशातही टिकणार नाहीत, हे त्यांना तेव्हाच उमगलं होतं, बीटा वगैरे शब्द यायच्या किती तरी आधी.

याची नीट परीक्षा फिलिपिन्समध्ये झाली, नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी केली, २००६ मध्ये छापून आली. तिथल्या एका ग्रामीण बँकेच्या जुन्या ग्राहकांपैकी काहींना असं खातं देऊ केलं की पैसे अडकतील, ग्राहकाने स्वतः ठरवलेली तारीख किंवा रक्कम येईपर्यंत काढता येणार नाहीत, आणि व्याज जास्त काही नाही, साध्या खात्याइतकंच. शंभरातल्या २८ जणांनी ते घेतलं. बायकांमध्ये तर नेमक्या त्यांनीच जास्त घेतलं ज्यांची उत्तरं आधीच्या प्रश्नावलीत तुमच्यासारखी तारखेबरोबर पलटत होती. वर्षभराने ज्या गटाला हे खातं देऊ केलं होतं त्याची बँकेतली शिल्लक, ज्यांना काहीच देऊ केलं नव्हतं त्यांच्यापेक्षा ८१ टक्के-अंकांनी जास्त वाढलेली निघाली, आणि यात ज्यांनी खातं नाकारलं तेही मोजलेले आहेत.

पण कुलूप लावलं की झालं असं नाही, आणि इथे मी स्वतः तोंडावर पडलेलो आहे. आम्ही एक दिवाळी ठेव काढली होती, वर्षभर हप्ता, आणि मधे तोडली तर १०० रुपये दंड. मला वाटलं दंड आहे म्हणजे लोक टिकतील. पोळा आणि गणपतीच्या मधल्या दिवसांत खिडकीवर रांग, १०० रुपये टाकून पैसे घेऊन जाऊन राहिले. फिलिपिन्समध्येच नंतर ॲनेट जॉन यांनी दंडाच्या हप्तेबंद खात्याचा अभ्यास केला, दंड ग्राहकानेच निवडायचा होता, बहुतेकांनी कमीत कमी निवडला आणि अर्ध्याहून जास्त लोकांनी खातं मधेच सोडलं. म्हणजे बंधन मागितलं पण कमजोर मागितलं, आणि मग बचतही गेली आणि दंडही. अर्धवट जाणत्याची गत भोळ्यापेक्षा वाईट होऊ शकते ती अशी.

किती दंड पुरला असता? तुमचाच आकडा घ्या. त्या रात्री मनात ७६ विरुद्ध साडेएकोणसाठ होते, फरक १६ हजारांच्या वर. म्हणजे तुम्ही पहिल्या दिवशी लिहून दिलं असतं की तेराव्याच्या आधी बोली लावली तर २ हजार दंड, तर तुम्ही हसत हसत २ हजार टाकून उचलली असती. रोखायला साडेसोळा हजारांचा दंड पाहिजे होता, आणि तोही त्याच रात्री डब्यातून कापून घ्यायचा, कारण नंतर भरायचा म्हटला की त्यालाही ३० टक्क्यांचा कट लागते आणि मग साडेसोळाही पुरत नाहीत. इतका दंड कोणी लिहून देणार नाही, आणि देऊही नये, कारण उद्या खरंच घरात दवाखाना निघाला तर? म्हणून माझं मत असं झालं आहे की दंडाने माणूस बांधायच्या भानगडीत पडू नये, वाटच काढून टाकावी. बोलीच्या भिशीत बसूच नका, चिठ्ठीच्या भिशीत बसा जिथे नंबर पहिल्या दिवशीच निघतात आणि पूर्ण लाख मिळतात. किंवा बोलीचीच करायची असेल तर बैठकीला जाऊ नका, हप्ता पाठवून द्या आणि काकांना सांगून ठेवा की तेराव्याच्या आधी फोनवरून बोली घ्यायची नाही. डबा दिसला नाही की अर्धं काम होते.

एसआयपीसाठी उलट करा, ओढीच्याच अंगाने जा. थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी अमेरिकेतल्या एका कारखान्यात कामगारांना विचारलं की आज काही कापत नाही, पण पुढची पगारवाढ होईल तेव्हा त्यातला काही हिस्सा आपोआप बचतीत टाकायला आत्ता सही करता का. ज्यांना विचारलं त्यातल्या ७८ टक्क्यांनी केली. चाळीस महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ वर गेली. कारण सही आजची पण त्रास नंतरचा, आणि नंतरचा त्रास ७० पैशांचाच वाटतो, ती ओढ इथे तुमच्या बाजूने काम करते. आणि वाढीतून जात असल्याने हातातला पगार कमी झालेला दिसत नाही.

तुमच्यासाठी हे असं बसते. एसआयपी ५ हजाराची नको, हजाराची सुरू करा, आणि फॉर्म भरतानाच स्टेप-अप टाका, दरवर्षी एप्रिलचं इन्क्रिमेंट हातात आल्यावर हजाराने वाढ. कापायची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशीची, महिन्याअखेरची नाही, कारण अखेरीला शिल्लक राहिलेले पैसे "आजचे" होऊन बसलेले असतात. आणि ती एक संध्याकाळ, ते १०० चं दुखणं, ते एकट्याने करू नका, एखाद्या रविवारी सकाळी भावाला नाहीतर ऑफिसातल्या कोणाला घरी बोलवा, तर्री पोहा खाऊ घाला आणि त्याच्यासमोर मोबाईलवर मॅन्डेट पूर्ण करा. तो येणार हे ठरलं की "उद्या" म्हणायची सोय राहत नाही. हे मी गंमतीने सांगून नाही राहिलो, माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता पत्रकं देत नाही, समोर बसवून फॉर्म भरून घेतो.

एक सावधगिरी. या गोष्टीचं नाव कळलं की लोकांना सगळीकडे तीच दिसायला लागते. जो माणूस भिशी पहिल्या महिन्यात उचलून सावकाराचं फेडून राहिला त्याला आजची ओढ आहे असं म्हणू नका, तो महिन्याचं पाच टक्के व्याज वाचवून राहिला, तो बरोबर करून राहिला. भिशीवाला पळून जाईल अशी भीती असणारा माणूस लवकर उचलतो तोही चूक नाही, अशा भिशीत थांबणं हाच जुगार. या दोघांना तारखा पुढे ढकलून विचारलं तरी त्यांचं उत्तर बदलत नाही.

आणि ही ओढ नुसत्या पैशाची नसते, हेही आता दिसून आलं आहे. नेड ऑगनब्लिक, म्यूरियल नीडर्ली आणि चार्ल्स स्प्रेंजर यांनी २०१५ मध्ये छापलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना दोन प्रकारची निवड दिली, पैसे आज की नंतर, आणि कंटाळवाणं काम आज की नंतर, अंधुक ग्रीक अक्षरं टाईप करत बसण्यासारखं. पैशाच्या निवडीत तारखेबरोबर उत्तर जवळपास पलटलं नाही, कामाच्या निवडीत चांगलंच पलटलं. पटण्यासारखं आहे, कारण पैसा हातात आला म्हणजे त्याच दिवशी मजा मिळाली असं नाही, तो कपाटातही जाऊ शकतो. मजा आणि त्रास मात्र आजचेच असतात. तुमचे ७६ हजार एफडीत जाणार असते तर त्या रात्री तुम्ही तोंडही उघडलं नसतं. तुम्ही बोली लावली ती टीव्हीवर, तो शनिवारी भिंतीवर लागणार होता, डब्यातल्या बंडलांवर नाही. म्हणून पुढच्या भिशीत बसायच्या आधी कशासाठी पैसे पाहिजेत ते पाहून घ्या. मुलाची फी किंवा घराची डागडुजी असेल तर तुम्ही बहुतेक थांबाल. टीव्ही, गाडी, गोव्याचं तिकीट असेल तर थांबणार नाही असंच धरून चला आणि चिठ्ठीच्या भिशीत नाव द्या.